रात्रपाळीहून आल्यावर मोजलेली उपाशीपोटीची शुगर कशी वाचायची?

प्रश्न: «वय ३९, चाकणला कंपनीत तीन पाळ्यांत काम करतो, दर आठवड्याला पाळी बदलते. वार्षिक तपासणीत तिसऱ्या पाळीहून सुटल्यावर सकाळी आठला रक्त दिलं, उपाशीपोटी शुगर १२९ आली. घरच्या मशीनवर नाइटनंतर ११८ ते १२४ येते, गावी सुट्टीत ९८ आली. एचबीए१सी ५.९ आहे. एक डॉक्टर म्हणतात गोळी सुरू करा, दुसरे म्हणतात झोपेमुळे आहे, सोडून द्या. कुठला आकडा खरा धरू?»

तुमचे सगळे आकडे खरे आहेत. ते एकाच गोष्टीचे नाहीत, म्हणून जुळत नाहीत. मी गेली बावीस वर्षं चिंचवडच्या कामगार वस्तीत दवाखाना चालवतो. माझ्याकडे येणाऱ्या मधुमेहींत पाळ्यांत काम करणारे बरेच असतात, आणि असा गुंता मला जवळपास दर आठवड्याला सोडवावा लागतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण «उपाशीपोटीची शुगर» म्हणतो तेव्हा त्यात न बोललेल्या तीन अटी असतात. माणूस किमान आठ तास काही खाल्लेला नाही, तो रात्री झोपलेला आहे, आणि उठल्यावर थोड्या वेळात सकाळी रक्त दिलेलं आहे. १०० आणि १२६ या ज्या रेघा रिपोर्टवर छापलेल्या असतात, त्या अशा माणसांच्या रक्तावरून ठरल्या आहेत. तुम्ही तिसऱ्या पाळीहून सुटून लॅबच्या बाकावर बसता तेव्हा घड्याळात सकाळ असते, पण तुमच्या शरीराने रात्र घेतलेलीच नसते. झोपेची अट तर मोडलेलीच आहे, आणि बऱ्याचदा उपाशी असण्याचीही मोडलेली असते.

आधी उपाशी असण्याचंच पाहू, कारण घोटाळा बहुतेक वेळा इथेच सापडतो. मी विचारतो, «रात्री शेवटचं कधी खाल्लं?» उत्तर येतं, «जेवण साडेनऊलाच झालं, त्यानंतर काही नाही.» मग मी विचारतो, «मध्ये डबा उघडला?» «तो एक-दीडला, सगळेच खातात.» «आणि चहा?» «चहा काय, साडेचारला एक कटिंग आणि दोन बिस्किटं.» चहा हा खाण्यात धरायचा नाही, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. पण दोन चमचे साखर म्हणजे जवळपास दहा ग्रॅम, वर दूध आणि मैद्याची बिस्किटं. साडेचारला हे पोटात गेलं आणि आठला रक्त दिलं, तर ती उपाशीपोटीची शुगर नव्हेच. ती चहाबिस्किटानंतर साडेतीन तासांची शुगर आहे. तुमच्या १२९ च्या रात्री नेमकं काय झालं होतं ते तुम्हीच आठवा. दीडचा डबा झाला असेल, तर त्या आकड्यावर निदान करता येत नाही, मग लॅब कितीही चांगली असो.

इथे एक बारकावा आहे. तोच डबा दुपारी दीडला खाल्ला असता तर साडेतीन-चार तासांत शुगर बहुधा जागेवर आली असती. रात्री दीडला खाल्ल्यावर ती जास्त चढते आणि उतरायला जास्त वेळ घेते. रात्री शरीरात मेलाटोनिन वाढलेलं असतं, ते झोपेची तयारी करतं आणि त्याच वेळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्यात थोडं मंद करतं. स्नायूही त्या वेळी साखर ओढून घ्यायला तितके तयार नसतात. २०२१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला यासाठी फार मोलाचा वाटतो. १९ निरोगी माणसांना प्रयोगशाळेत ठेवून रात्रपाळीसारखं जागवलं. ज्यांना रात्रीही जेवायला दिलं त्यांची शुगर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. ज्यांना जागवलं, पण जेवण फक्त दिवसाच दिलं, त्यांची तशी वाढली नाही. म्हणजे नुकसान जागण्याचंही आहे, पण रात्रीच्या डब्याचा वाटा मोठा आहे. आणि तो वाटा तुमच्या हातात आहे.

आता झोपेकडे येऊ. झोप कमी झाली तर शुगर का वाढावी? खात नसतो तेव्हा रक्तातली साखर यकृत पुरवत असतं. त्याच्याकडे साठा असतो आणि नवीन साखर तयार करण्याची सोयही. इन्सुलिन हा त्या पुरवठ्याचा ब्रेक आहे. रात्रभर नीट झोप झाली की ब्रेक आणि पुरवठा यांचा मेळ बसलेला राहतो. पहाटे चारच्या सुमारास कॉर्टिसोल वाढायला लागतं, यकृत थोडी जास्त साखर सोडतं आणि शरीर उठायच्या तयारीला लागतं. हे सगळ्यांत होतं. स्वादुपिंड तेवढंच जास्त इन्सुलिन सोडून ते सांभाळून घेतं, म्हणून आपल्याला कळत नाही. मधुमेह्यांत हे सांभाळणं जमत नाही, आणि रात्री काही न खाताही सकाळी शुगर वाढलेली दिसते.

रात्रभर जागलेल्या माणसात दोन गोष्टी एकावर एक चढतात. दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्याचं आतलं घड्याळ तिसऱ्या पाळीशी जुळतच नाही, जुळायला लागतं तोवर आठवडा संपतो. त्यामुळे पहाटेचं कॉर्टिसोल त्याच्या शरीरात त्याच्या वेळेलाच वाढतं, पण तो त्या वेळी मशीनपाशी उभा असतो. वर जागरणाने शरीर ताणावर राहतं, चरबीतून सुटलेली आम्लं रक्तात वाढतात, आणि इन्सुलिन असूनही स्नायू आणि यकृत त्याचं पूर्ण ऐकत नाहीत. १९९९ साली शिकागोच्या संशोधकांनी अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार तास अंथरुणात राहू दिलं. शिरेतून दिलेली साखर रक्तातून निघून जाण्याचा त्यांचा वेग भरपाईच्या झोपेनंतरच्या मानाने सुमारे ४० टक्क्यांनी कमी होता. तरणीताठी माणसं, आणि तेही आठवड्याच्या आत.

इथे मला तुमच्या दोन्ही डॉक्टरांशी थोडं असहमत व्हावं लागतं. «झोपेमुळे आहे, सोडून द्या» हे अर्धंच खरं आहे. झोप कमी झाली की निरोगी माणसाचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं आणि उपाशीपोटीचा आकडा बहुतेक वेळा फारसा हलत नाही, जेवणानंतरचाच जास्त हलतो. तीन आठवडे दिवसाकाठी साडेपाच तासांच्या आसपास झोप आणि घड्याळही विस्कटलेलं, अशा स्थितीत २०१२ च्या एका प्रयोगात उपाशीपोटीची शुगर सरासरी ८ टक्क्यांनी वाढली. ९० असलेल्या माणसाची ८ टक्क्यांनी ९७ होते. तुमची ९८ धरली तरी १०६ होते. ११८ ते १२४ व्हायला एवढं पुरत नाही. त्यामुळे खाण्याचा भाग वजा केल्यावरही तुमचा आकडा नाइटनंतर बराच वर राहत असेल, तर मी त्याचा अर्थ असा लावतो की जागरणाचा भार उचलायला स्वादुपिंडाकडे जी राखीव ताकद लागते ती कमी झाली आहे. जागरणाने आजार लपून होता तो दाखवला. एचबीए१सी ५.९ तेच सुचवतं, कारण ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची पट्टी आहे. पण या माहितीवर आज गोळी सुरू करण्याची घाईही मला पटत नाही, कारण नीट घेतलेला एकही उपाशीपोटीचा लॅबचा आकडा अजून तुमच्याकडे नाही.

घरच्या मशीनबद्दलही एक सांगतो. चांगल्या ग्लुकोमीटरला आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १०० च्या वर पंधरा टक्के इकडेतिकडे जाण्याची मुभा आहे. म्हणजे तुमची ११८ लॅबमध्ये १०५ असू शकते आणि १३० सुद्धा. ११८ आणि १२४ मधला फरक तर फरकच नव्हे. त्यातून पाळीहून आल्यावर हात नीट न धुता बोट टोचलं आणि बोटाला फळाचा किंवा बिस्किटाचा अंश असला, की आकडा वीस-तीसने फुगतो. मशीन निदानासाठी नाही, कल पाहण्यासाठी आहे. आणि कल पाहायचा तर आकड्याशेजारी त्या दिवसाची हकीकत लिहावी लागते.

मी पेशंटला एक साधी वही देतो. प्रत्येक मोजणीपुढे चार गोष्टी लिहायच्या: शेवटचं काय आणि कधी खाल्लं (चहासकट), कधीपासून कधीपर्यंत झोपलो, कधी उठलो, आणि कुठली पाळी चालू आहे. «सकाळ» हा शब्द लिहायचा नाही. तीन आठवड्यांची अशी वही हातात आली की गुंता बहुतेक आपोआप सुटतो.

तुमच्यासारख्याच एका गृहस्थाचं सांगतो. वय ४४, हीट ट्रीटमेंटमध्ये काम, वजन ७८ किलो, वडिलांना मधुमेह. नाइटहून आल्यावर पावणेआठच्या सुमारास त्यांचे आकडे १२१, १२६, ११७, १२४ असे येत होते. पहिल्या आठवड्यात मी काहीच बदललं नाही, फक्त लिहायला लावलं. दीडचा डबा आणि साडेचारचा चहा ठरलेला होता. पुढच्या नाइटच्या आठवड्यात त्यांनी माझ्या सांगण्यावरून रात्री साडेदहाला पोटभर जेवण केलं आणि त्यातल्या तीन रात्री नंतर फक्त पाणी घेतलं. आकडे आले ११३, १११ आणि ११५. म्हणजे दहाएक अंकांचा भाग डब्याचा आणि चहाचा होता. उरलेला भाग शरीराचा होता.

मग दुसरी पाळी आली, दुपारी तीन ते रात्री अकरा. या आठवड्यात ते साडेबाराला झोपत आणि आठला उठत. आकडे आले ९८, ९६, ९९. त्यानंतर पहिली पाळी. लोकांना वाटतं पहिली पाळी सर्वांत चांगली, कारण रात्री घरी झोपता येतं. पण सहाची बस गाठायची म्हणजे पाचला उठायचं, आणि घरातला टीव्ही अकराच्या आत बंद होत नाही. त्यांची झोप साडेपाच तासांवर आली होती आणि आकडे होते १०६, १०३, १०७. माझ्या अनुभवात तीन पाळ्यांच्या माणसाची खरी झोप दुसऱ्या पाळीतच होते, आणि त्याची सगळ्यांत विश्वासार्ह शुगरही त्याच आठवड्यात मिळते.

दुसऱ्या पाळीच्या पुढच्या फेरीत, आठवड्याच्या शेवटी, मी त्यांना लॅबमध्ये पाठवलं. उपाशीपोटी ९७ आली. तिथेच थांबलो असतो तर «नॉर्मल» म्हणून घरी पाठवलं असतं. पण वडिलांचा मधुमेह आणि नाइटनंतरचा ११३ डोळ्यांसमोर होता, म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनीही रक्त घेतलं. ती आली १५२. १४० च्या आत नॉर्मल, २०० च्या वर मधुमेह, ते मधे होते. शांत झोपेच्या आठवड्यात उपाशीपोटी सगळं ठीक, आणि साखरेचा भार टाकल्यावर मात्र ताकद अपुरी. जागरणानंतरचे आकडे त्यांना हेच आधीपासून सांगत होते. त्यांना गोळी दिली नाही. रात्रीचं खाणं हलवलं, नाइटनंतरची झोप सांभाळली, पाच किलो वजन उतरवलं. आता दर सहा महिन्यांनी तपासतो, नेहमी दुसऱ्या पाळीच्या आठवड्यातच, म्हणजे आधीच्या आकड्यांशी तुलना करता येते.

तुम्हीही असंच करावं असं मला वाटतं. लॅबची तपासणी अशा वेळी करा की त्याआधी निदान तीन-चार रात्री सलग घरी झोप झालेली असेल. मिळाल्यास आठवडाभराची रजा आणखी चांगली, कारण २०१२ च्या त्या प्रयोगात नऊ दिवस नियमित झोप दिल्यावर आकडे जागेवर आले होते. आदल्या रात्री नऊ-साडेनऊला नेहमीचं जेवण, मग फक्त पाणी, सात तास झोप, आणि उठल्यावर तासाभरात लॅब. जेवण मुद्दाम हलकं करू नका, आदले तीन दिवस भात-पोळी सोडूही नका, नाहीतर ग्लुकोजची चाचणी उगीच बिघडते. शुगरचं रक्त फ्लोराइडच्या नळीत, म्हणजे करड्या बुचाच्या नळीत घ्यायला हवं. साध्या नळीत ते तासन्‌तास पडून राहिलं तर पेशी त्यातली साखर खात राहतात आणि आकडा खोटाच कमी येतो. कंपनीच्या शिबिरात गोळा करून दूर पाठवलेल्या नमुन्यांत हे होतं.

काही जण दुसरा मार्ग काढतात. नाइटहून येऊन झोपायचं आणि दुपारी तीनला उठून उपाशीपोटी मोजायचं, तीच माझी सकाळ. घरच्या वहीसाठी हे चालेल, निदानासाठी नाही. दिवसभरात उपाशीपोटीची शुगरही वरखाली होते, दुपारी ती सकाळपेक्षा कमी असते. अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अभ्यास २००० साली आला होता. त्यात दुपारी तपासलेल्यांमध्ये १२६ च्या निकषाने नवा मधुमेह सकाळी तपासलेल्यांच्या मानाने निम्म्याच प्रमाणात सापडला. दुपारी तीनला ९९ आली म्हणून निश्चिंत होऊ नका.

एचबीए१सी या बाबतीत सोपी आहे. ती दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, कालची रात्र कशी गेली याने ती बदलत नाही. पाळीवाल्या माणसासाठी मी तिला उपाशीपोटीच्या आकड्यापेक्षा जास्त वजन देतो. पण सोबत हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय नाही. लोहाच्या कमतरतेने एचबीए१सी शुगर न वाढताही थोडी वर दिसते, आणि आपल्याकडे ही कमतरता काही दुर्मीळ नाही. थॅलेसेमियाचा वाहक असला किंवा नुकतंच बरंच रक्त गेलं असलं तरी ती भलतंच सांगू शकते. तुमचं हिमोग्लोबिन ठीक असेल तर ५.९ ला मी खरी मानतो.

पाळीवर खापर फोडून मोकळं होण्याचा धोकाही सांगायला हवा. एका परिचारिका ताई होत्या, नाइट सोडता येत नव्हती. उपाशीपोटी १३५-१४० येत होती, आणि आम्ही दोघांनीही «नाइटमुळे असेल» म्हणत वर्ष काढलं. मग त्या बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या मुलीकडे पंधरा दिवस राहिल्या. तिथे रोज रात्री झोप होत असूनही आकडा १३२ च्या खाली येईना, आणि एचबीए१सी निघाली ७.१. तो मधुमेहच होता, आणि मी उपचार वर्षभर उशिरा सुरू केले. झोप पूर्ण मिळाल्यावर आकडा उतरतो का, हीच खरी कसोटी आहे. तुमचा गावी ९८ वर उतरला, हे चांगलं लक्षण आहे, पण ती एकच मोजणी आहे आणि तीही मशीनवरची.

वाट न पाहण्याच्या गोष्टी अशा: खूप तहान, रात्रीतून तीन-चारदा लघवी, विनाकारण वजन उतरणं, किंवा कुठल्याही वेळी २०० च्या वर शुगर. असं काही असेल तर वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. आणि घरचे म्हणत असतील की तुम्ही जोरात घोरता, मधेच श्वास अडकल्यासारखा होतो, तर तेही डॉक्टरांना सांगा. झोपेत श्वास अडखळणाऱ्या माणसाची झोप तासांनी पुरेशी दिसली तरी शरीराला ती मिळत नाही, आणि सकाळची शुगर त्यानेही चढते.

हे वाचणाऱ्यांत आधीच गोळ्या घेणारे पाळीवाले असतील, त्यांच्यासाठी एक अनुभव लिहून ठेवतो. पंधराएक वर्षांपूर्वी मी एका सिक्युरिटी गार्डला ग्लिमेपिराइड लिहून दिली, «सकाळी नाश्त्याआधी एक». त्याला कामाची वेळ विचारली नाही. तो सकाळी आठला घरी यायचा, माझ्या चिठ्ठीप्रमाणे गोळी घ्यायचा, दोन घास खायचा आणि झोपायचा. चौथ्या दिवशी दुपारी बायकोने उठवलं तर अंग घामाने भिजलेलं आणि बोलणं तुटक. शेजाऱ्याच्या मशीनवर शुगर ४६ होती. गिळता येत होतं म्हणून साखरपाणी देता आलं आणि तो सावरला. चूक पूर्णपणे माझी होती. या जातीच्या गोळ्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात, जेवण झालं आहे की नाही ते पाहत नाहीत. त्यांची वेळ घड्याळाशी नाही, मोठ्या जेवणाशी बांधायची असते, आणि नाइटच्या आठवड्यात ते जेवण संध्याकाळी असतं. मेटफॉर्मिनने एकटीने सहसा शुगर अशी खाली जात नाही. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड चालू असेल तर पाळी बदलली की डोस कसा हलवायचा हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. स्वतःच्या मनाने डोस पुढे-मागे करू नका किंवा दुप्पट करू नका.

आता तुमच्या नाइटच्या आठवड्याचं. साडेदहाच्या आत मुख्य जेवण घरीच करा. दीडचा डबा पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही, भट्टीपाशी उभं राहणाऱ्याला पूर्ण रात्र उपाशी ठेवणं मला पटत नाही. पण त्यातला भात आणि गोड काढा, त्याऐवजी एक उकडलेलं अंडं किंवा मूठभर भाजलेले चणे आणि ताक ठेवा. साडेचारचा चहा बिनसाखरेचा घ्या किंवा सोडाच, कारण त्यातलं कॅफिन आठला झोप येऊ देत नाही. घरी आल्यावर आधी झोप आणि मग जेवण असा क्रम बहुतेकांना जमत नाही, मलाही तो सांगून अपयश आलं आहे. म्हणून हलका नाश्ता करून झोपा, पण खोली खरंच काळोखी करा. खिडकीला जाड चादर लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पाच तास झोप झाली आणि रात्री कामावर निघण्याआधी तासभर आणखी डोळा लागला, तरी बऱ्याच जणांच्या वहीत फरक दिसतो.

पुढच्या दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात, शक्यतो शुक्रवारी-शनिवारी, उपाशीपोटीची शुगर, ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांची, आणि हिमोग्लोबिन एवढं एकाच दिवशी करून घ्या. उपाशीपोटी १२६ किंवा वर आली तर लगेच गोळी नाही, झोप नीट होणाऱ्या आणखी एका दिवशी ती पुन्हा करायची. दोन्हीदा वर असेल तर तो मधुमेह, आणि मग तुमच्या पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं मान्य करा. ती १२५ च्या आत असेल आणि दोन तासांची १४० ते १९९ मध्ये असेल, तर तुम्ही त्या ४४ वर्षांच्या गृहस्थांच्या जागी आहात. दोन तासांची २०० च्या वर निघाली तर उपाशीपोटीचा आकडा कितीही गोड दिसो, त्यावर विसंबू नका. रिपोर्ट आला की वहीची पानंही इथे टाका, आणि त्यात १२९ च्या त्या रात्री दीडला डबा उघडला होता की नाही तेही आठवून लिहा.